ग्रहण बघितल्यावर वाचताना मधलं अक्षर गायब होतं, ते परत येतं का?

प्रश्न: चार दिवसांपूर्वी खंडग्रास सूर्यग्रहण बघितलं. थोडा वेळ जुन्या एक्स-रे फिल्ममधून, मधेमधे नुसत्या डोळ्यांनी. सगळं मिळून दीड-दोन मिनिटं असेल. तेव्हा काहीच त्रास झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून वाचताना ज्या अक्षराकडे बघतो नेमकं तेच दिसत नाही, उजव्या डोळ्यात जास्त. दुखत अजिबात नाही. डॉक्टर म्हणाले सोलर रेटिनोपॅथी आहे, औषध नाही, थांबून बघू. हे बरं होईल का? आणि इतक्या थोड्या वेळात झालेली इजा कायमची कशी राहू शकते?

उत्तर: सुधारणा होण्याची शक्यता चांगली आहे. पूर्ण होईल का, हे चौथ्या दिवशी कोणीच सांगू शकत नाही. तुमच्या डॉक्टरांनी टाळाटाळ केलेली नाही, या आजारात थांबणं हाच खरा सल्ला असतो. पण थांबायचं म्हणजे नेमकं कशाची वाट बघायची, हे कळलं तर थांबणं सोपं जातं.

आधी एक समजूत काढून टाकू. भिंगाने ऊन एकवटून कागद जाळतात, तसा डोळ्याच्या भिंगाने पडदा जळतो, असं बहुतेकांना वाटतं. साध्या डोळ्यांनी सूर्य बघताना बहुधा तसं होत नाही. उन्हात डोळ्याची बाहुली बारीक होते. तीन मिलिमीटरच्या बाहुलीतून सूर्य बघितला तर पडद्याचं तापमान साधारण चार अंशांनी वाढतं, असं प्रयोगांवरून काढलेलं गणित आहे. पेशी भाजायला त्याच्या दुपटीहून जास्त, दहा अंशांच्या आसपास वाढ लागते. शिवाय पडद्यामागे रक्तवाहिन्यांचा दाट थर असतो, तो उष्णता सतत वाहून नेत असतो. दुर्बिणीतून बघितलं तर गोष्ट वेगळी, तिथे खरोखर भाजतं.

तुमच्या डोळ्यात झाली ती रासायनिक इजा, आणि ती करणारा मुख्य घटक म्हणजे प्रकाशातला निळा भाग. 1976 मध्ये हॅम आणि म्युलर या संशोधकांनी माकडांच्या डोळ्यांवर प्रयोग करून दाखवलं की निळ्या प्रकाशाने पडदा बिघडतो तेव्हा तापमान जेमतेम वाढलेलं असतं. पडद्यातल्या रंगद्रव्यांवर निळा प्रकाश पडला की ऑक्सिजनचे अतिशय आक्रमक रेणू तयार होतात. प्रकाश टिपणाऱ्या पेशींची आवरणं एका खास स्निग्ध पदार्थाने भरलेली असतात, आणि तो या रेणूंच्या तावडीत फार सहज सापडतो. सोप्या भाषेत, तेल खवट होतं तसं पेशीचं आवरण आतून बिघडत जातं.

ही प्रक्रिया सुरू व्हायला काही सेकंद पुरतात, पण पेशी कोलमडायला काही तास लागतात. म्हणून तुम्हाला त्या वेळी काही जाणवलं नाही आणि सकाळी उठल्यावर डाग दिसला. दुखलं नाही याचं कारण त्याहून साधं आहे: पडद्याला वेदनेच्या नसाच नाहीत. चटका बसला की हात मागे घेतो, तशी सोय डोळ्याच्या आतल्या बाजूला नाही.

रासायनिक इजेचा आणखी एक गुण असा की ती साठत जाते. दहा सेकंद बघितलं, मान खाली घातली, परत दहा सेकंद बघितलं, तर दुसऱ्या वेळी हिशोब शून्यापासून सुरू होत नाही. त्या तास-दीड तासातल्या सगळ्या ओझरत्या नजरांची बेरीज होते. "मी एकटक बघितलंच नाही" असं सांगणारे कितीतरी रुग्ण मी पाहिलेत, आणि ते खोटं बोलत नसतात.

एक्स-रे फिल्मने तुमचं बहुधा नुकसानच केलं. ती दिसणारा झगझगाट कमी करते. झगझगाट कमी झाला की डोळे मिचकावावेसे वाटत नाहीत आणि बाहुली मोठी होते. बाहुलीचा व्यास दुप्पट झाला तर आत शिरणारा प्रकाश चौपट होतो. शिवाय फिल्म सगळीकडे सारखी काळी नसते, हाडाच्या जागी ती जवळजवळ पारदर्शक असते. ग्रहणाचे खरे चष्मे दिसणाऱ्या प्रकाशापैकी जास्तीत जास्त 0.0032 टक्के आत सोडतात, म्हणजे एक लाखात तीन भाग. ISO 12312-2 हे मानक तेवढंच मागतं. तुलनेसाठी: डोक्यावरचा सूर्य स्थिर पाण्यात बघितला तर पाणी साधारण दोन टक्के प्रकाश परत पाठवतं. तो आकडा निरुपद्रवी वाटतो, पण चष्म्यापेक्षा तो सहाशे पट जास्त आहे.

खंडग्रास ग्रहणात सूर्य अर्धाच उरलेला असतो, मग धोकाही अर्धा, असं वाटणं साहजिक आहे. पण पेटलेल्या निखाऱ्याचा अर्धा भाग राखेने झाकला तरी उघडा राहिलेला अर्धा तितकाच चटका देतो. उरलेल्या कोरीचा प्रत्येक बिंदू पडद्यावर जवळजवळ नेहमीइतकाच प्रखर पडतो. फक्त आजूबाजूचा उजेड कमी झाल्याने डोळा गाफील राहतो. 21 ऑगस्ट 2017 च्या ग्रहणानंतर न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीच्या पडद्याचं अतिसूक्ष्म छायाचित्रण झालं. त्यात मेलेल्या पेशींचा ठिपका चक्क चंद्रकोरीच्या आकाराचा होता. तिने जी कोर बघितली तीच तिच्या पडद्यावर उमटली होती. खग्रासमध्ये सूर्य पूर्ण झाकलेला असतो तेवढीच काय ती मिनिटं सुरक्षित असतात.

आता तुमच्या हरवलेल्या अक्षराकडे येऊ. आकाशात सूर्याची तबकडी अर्ध्या अंशाची दिसते. डोळ्याच्या लांबीचा हिशोब धरला तर पडद्यावर तिची प्रतिमा सुमारे 0.16 मिलिमीटरची पडते. एरवी पडद्यावर एवढ्या जागेचं काहीच वाटलं नसतं. पण ज्या गोष्टीकडे आपण रोखून बघतो तिची प्रतिमा नेमकी पडद्याच्या मध्यबिंदूवर, फोव्हियावर पडते, आणि बारीक वाचण्याची सगळी मदार तिथेच असते. तिथे प्रकाश टिपणाऱ्या शंकुपेशी इतक्या दाटीने उभ्या असतात की एका चौरस मिलिमीटरमध्ये दीड-दोन लाख भरतील. सूर्याच्या प्रतिमेखाली त्यातल्या साधारण तीन-चार हजार येतात. डोळ्यातल्या एकूण शंकुपेशी पन्नास लाखांच्या घरात आहेत. त्या मानाने ही संख्या चिमूटभर, पण अख्ख्या दृष्टीचं टोक तेच.

हाच अर्धा अंश चाळीस सेंटिमीटरवर धरलेल्या कागदावर मोजला तर जेमतेम पावणेचार मिलिमीटर होतो, म्हणजे छापील एखाद-दुसरं अक्षर. तुमच्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळतं. दोन मीटरवर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तो पावणेदोन-दोन सेंटिमीटर, म्हणजे एका डोळ्याएवढा. बाजूची नजर शाबूत असते, म्हणून चालता-फिरताना काही अडत नाही, आणि घरच्यांना वाटतं की तुम्ही उगाच बाऊ करताय.

आता तुमचा दुसरा प्रश्न. शंकुपेशी एक लांबट पेशी आहे आणि तिचे ढोबळ तीन भाग आहेत. सगळ्यात बाहेरचा भाग प्रकाश टिपतो, तो एकावर एक रचलेल्या चकत्यांसारखा असतो. त्याच्या आतल्या बाजूला पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग. आणि त्याच्याही आत केंद्रक असलेलं मूळ शरीर.

बाहेरच्या चकत्या निरोगी डोळ्यातही कायम झिजत असतात. पेशी रोज मुळाकडून नव्या चकत्या बनवते आणि जुन्या टोकाकडून झडतात. पडद्यामागचा रंगद्रव्याचा थर त्या गिळून टाकतो. साधारण दीड-दोन आठवड्यांत तो सगळा भाग नवा झालेला असतो. तेव्हा इजा चकत्यांपुरती राहिली आणि केंद्रक जिवंत असलं, तर पेशी तो भाग पुन्हा उभारते आणि दृष्टी परतते. त्याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात.

पण रासायनिक साखळी आत सरकत केंद्रकापर्यंत गेली तर पेशीच मरते. शंकुपेशी या एक प्रकारच्या मज्जापेशीच. त्या जन्मानंतर विभागत नाहीत, आणि माणसाच्या पडद्यात मेलेलीच्या जागी नवी उगवत नाही. नख पिचलं तर नवं येतं, पेर तुटलं तर येत नाही, तसंच हे. शेजारच्या आधार देणाऱ्या पेशी रिकामी जागा भरतात, रंगद्रव्याचा थरही पसरून फट बुजवतो, पण यातल्या कोणालाच प्रकाश टिपता येत नाही. फोव्हियात राखीव फौजही नाही. तिथे जवळजवळ प्रत्येक शंकुपेशीची मेंदूकडे जाणारी स्वतंत्र तार असते, म्हणून एक गेली की तिच्या जागेचं काम कोणी उचलत नाही. याच काटकसरीच्या रचनेमुळे आपल्याला एवढं बारीक दिसतं, आणि याचमुळे तिथली लहानशी इजाही लपत नाही.

म्हणजे "कायमचं की तात्पुरतं" हे पेशीगणिक ठरतं. ठिपक्याच्या कडेच्या पेशी बहुधा परततात, अगदी मधल्या काही परतत नाहीत. म्हणून डाग आधी मोठा आणि धूसर असतो, मग आक्रसतो, आणि कधीकधी एक छोटा, ठाशीव तुकडा मागे राहतो. 11 ऑगस्ट 1999 च्या ग्रहणानंतर इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात डोळे दाखवायला आलेल्या 45 जणांचा पाठपुरावा झाला होता. ज्यांची नजर बिघडली होती त्यातले बहुतेक सुधारले. चौघांना मात्र सात महिन्यांनीही डागाचं भूत दिसत होतं, आणि मंद उजेडात त्याचा आकार कोरीसारखा भासायचा.

माझ्या एका रुग्णाची हकीकत सांगतो, म्हणजे हे सगळं ओसीटीवर कसं दिसतं ते कळेल. (ओसीटी म्हणजे पडद्याचा उभा छेद दाखवणारा स्कॅन. तुमचा झाला नसेल तर नक्की करून घ्या. थेंबही न घालता होऊ शकतो आणि पाच मिनिटांचं काम आहे.) वीस वर्षांची कॉलेजची मुलगी, ग्रहण पाच-सहा वेळा, दरवेळी दहा-पंधरा सेकंद बघितलेली. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा उजव्या डोळ्याची नजर 6/18, म्हणजे निरोगी डोळ्याला अठरा मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून, आणि डाव्याची 6/9. पडद्याच्या मधोमध फिकट पिवळा ठिपका, टाचणीच्या टोकाएवढा. स्कॅनमध्ये मध्यभागी सगळे थर उभ्या पट्टीत उजळलेले, जणू कोणी वरून खाली खडू फिरवलाय. दोन आठवड्यांनी पिवळा ठिपका गेला, त्या जागी लालसर बिंदू आला, आणि स्कॅनवर खरी गोष्ट दिसली. एरवी एक सलग पांढरी रेघ असते, ती शंकुपेशींच्या ऊर्जा-भागाची. उजव्या डोळ्यात ती मधेच तुटलेली होती, चौकोनी कापून काढल्यासारखी. तिच्या जरा आत एक अगदी बारीक रेघ असते, पेशींच्या शरीराला लागून. ती डाव्या डोळ्यात अखंड होती, उजव्यात मधे अंधुक.

मी तेव्हा तिला सांगितलं की डावा डोळा बहुधा पूर्ण येईल, उजव्याची खात्री देत नाही. ती आतली रेघ शाबूत असेल तर पेशींचं मूळ जिवंत असण्याची आशा धरता येते, म्हणून माझी नजर आधी तिच्यावर जाते. तीन महिन्यांनी डावा 6/6, स्कॅनवरची फटही मिटलेली. उजवा 6/9, आणि तिथे सुमारे 60 मायक्रॉनची फट शिल्लक. वर्षभराने ती तेवढीच होती. साठ मायक्रॉन म्हणजे वाचनाच्या अंतरावर दीडेक मिलिमीटर. ती म्हणाली, "सर, अक्षर दिसतं, पण डोक्यावरचं टिंब जातं. 'मंद'चं 'मद' होतं, मग शब्द परत वाचावा लागतो." एवढ्याशा जागेचं इतकं नेमकं वर्णन मी आधी ऐकलं नव्हतं.

तक्त्यावर 6/9 किंवा 6/6 आलं की "तुम्ही बरे झालात" म्हणून रुग्णाला घरी पाठवण्याची चूक आमच्यातले लोकही करतात. तक्ता वाचताना माणूस नकळत नजर किंचित बाजूला सरकवतो आणि डागाच्या कडेने अक्षर पकडतो. अक्षर पकडलं म्हणजे डाग गेला असं नव्हे. उलटंही घडतं: स्कॅनवर फट पूर्ण बुजलेली दिसते आणि रुग्ण म्हणतो डाग आहेच. अशा वेळी मी रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवतो, कारण फट भरणाऱ्या सगळ्या पेशी बघणाऱ्या असतीलच असं नाही.

औषधांबद्दल. स्टिरॉइडच्या गोळ्या कोणी लिहून दिल्या तर घेऊ नका, निदान पडद्याच्या दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तरी नाही. त्यांनी या इजेत फायदा होतो हे सिद्ध झालेलं नाही. उलट काही जणांत स्टिरॉइडमुळे पडद्याच्या मध्याखाली पाणी साचतं, आणि तुमची दुखरी जागा नेमकी तीच आहे. ल्युटीनच्या आणि तत्सम "डोळ्यांच्या" गोळ्यांनी अपाय नाही, पण मेलेली शंकुपेशी त्याने उठत नाही. तुमच्या पैशांचा प्रश्न आहे. अंधारात बसूनही काही साधत नाही. न्यूटनने तरुणपणी आरशातला सूर्य पुनःपुन्हा बघून डोळे बिघडवून घेतले होते आणि मग तीन दिवस खोली काळोखी करून कोंडून घेतलं होतं. त्याची दृष्टी सुधारली, पण ती काळोखामुळे सुधारली असं मानायला काही आधार नाही. त्याची इजा उथळ असावी इतकंच. तुम्ही वाचा, स्क्रीन बघा, त्याने इजा वाढत नाही. सूर्याकडे मात्र पुन्हा बघू नका, चार दिवसांनीही नको.

बहुतेक सुधारणा पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत दिसते, नंतर तिचा वेग मंदावतो. सहा महिन्यांनी जे उरेल ते बहुधा उरतंच. हा आजार सुधारतो किंवा थांबतो, वाढत जात नाही. म्हणून नजर एकदा सुधारून पुन्हा खाली आली, किंवा सरळ रेघा नव्याने वाकड्या दिसायला लागल्या, तर "ग्रहणाचंच असेल" म्हणून बसू नका. पडद्याखाली नव्या रक्तवाहिन्या फुटणं हे क्वचितच होतं, पण त्याला उपचार आहे आणि त्यात आठवडे महत्त्वाचे असतात. अजून एक: लेझर पॉइंटर डोळ्यात गेल्यावरही स्कॅनवर अगदी असंच चित्र येतं. तसं काही कधी घडलं असेल तर डॉक्टरांना सांगा.

घरी एक करा. चौकटींचा कागद घ्या, मधोमध ठळक ठिपका काढा. वाचायचा चष्मा असेल तर तो लावून, कागद चाळीस सेंटिमीटरवर धरून, एक डोळा हाताने झाकून ठिपक्याकडे बघा. जिथे रेघ तुटते किंवा वाकते तिथे पेन्सिलीने कड आखा, वर तारीख आणि डोळा लिहा. मग दुसऱ्या डोळ्यासाठी वेगळा कागद. ठिपकाच दिसत नसेल तर त्याच्यावरून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरप्या रेघा मारा आणि त्या जिथे छेदतील असं वाटतं तिथे नजर ठेवा. आठवड्यातून एकदाच करा. रोज केलंत तर फरक दिसणार नाही आणि जीव मात्र खालीवर होत राहील. एक महिन्याने आणि तीन महिन्यांनी ओसीटी करायला जाल तेव्हा हे सगळे कागद बरोबर न्या. पेन्सिलीची कड आणि स्कॅनवरची फट शेजारी ठेवून बघितली की उजव्या डोळ्याबद्दल तुमचे डॉक्टर आजच्यापेक्षा बरंच ठाम बोलू शकतील.